‘कॉपी झाली’ म्हणजे नेमकी कुठे झाली?

साताऱ्याचा माझा मावसभाऊ लग्नांचे व्हिडिओ काढतो. त्याच्या लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची, आणि एका लग्नाचं चित्रीकरण सहज ६० जीबी भरतं. गूगल ड्राइव्हवर त्यानं २ टीबी जागा घेतली होती; पण ब्राउझर उघडा, फाइली ओढून टाका, चाक फिरताना बघत बसा, याला तो वैतागला होता. ‘दादा, पेनड्राइव्ह लावल्यावर जसा दिसतो तसा हा ड्राइव्ह का दिसत नाही?’ असं त्यानं विचारलं, तेव्हा मी त्याला आरक्लोन बसवून दिलं. पुढं जे झालं त्यात थोडी चूक माझीही होती. ‘कॅश’ म्हणजे काय ते मी त्याला नीट सांगितलं नव्हतं.

आरक्लोन हा फुकट मिळणारा, मुक्त स्रोताचा प्रोग्रॅम आहे. निक क्रेग-वुड यांनी तो लिहायला घेतला. आता तो कितीतरी प्रकारच्या क्लाउड साठवणींशी बोलतो. तो मुळात हुकूम टाइप करून चालवायचा प्रोग्रॅम आहे. `rclone config` हा हुकूम दिला की तो एकेक प्रश्न विचारत जातो, मध्येच ब्राउझर उघडून गूगलची परवानगी घेतो, आणि शेवटी त्या खात्याला आपण दिलेलं नाव चिकटवतो. आम्ही `gdrive` असं नाव दिलं. विंडोजवर याच्या जोडीला विनएफएसपी नावाचा आणखी एक छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो. लिनक्सवर तेच काम फ्यूज करतं. ऑपरेटिंग सिस्टिमला ‘ही एक डिस्क आहे’ असं पटवून देणं, एवढंच या जोडीदाराचं काम. मग हा हुकूम:

```
rclone mount gdrive: X: --vfs-cache-mode full --vfs-cache-max-size 20G -v
```

काळी खिडकी उघडी राहते, आणि ‘माय कॉम्प्युटर’मध्ये C: च्या शेजारी X: येऊन बसतो. त्यावर उजवी टिचकी मारली तर दीड टीबी मोकळी जागा दिसते. फोल्डर उघडतात, व्हिडिओ चालतात. भाऊ खूश झाला. हुकुमातल्या २० जीबीचा अर्थ त्यानं विचारला, तेव्हा मी म्हणालो, ‘तुझ्या डिस्कवरची एवढीच जागा तो तात्पुरती वापरेल.’ हे वाक्य चुकीचं होतं.

ते का चुकीचं होतं हे समजायला आधी ही कॅश कशाला लागते ते बघायला हवं. आपल्या डिस्कवरची फाइल म्हणजे वहीसारखी. सदतिसाव्या पानावरची एक ओळ खोडून तिथं दुसरी लिहिता येते, मागं जाता येतं, पुढं जाता येतं. क्लाउडवरची फाइल मात्र रजिस्टर पोस्टानं पाठवलेल्या पाकिटासारखी. आतला एक शब्द बदलायचा तरी अख्खं पाकीट नव्यानं पाठवावं लागतं. आणि आपले प्रोग्रॅम तर वहीच्या सवयीचे. व्हिडिओ संपादक फाइलच्या शेवटी उडी मारून काहीतरी लिहितो, मग सुरुवातीला परत येऊन काहीतरी दुरुस्त करतो. हे पाकिटावर चालत नाही. म्हणून आरक्लोन मधे एक टेबल टाकतो: फाइल आधी आपल्याच डिस्कवरच्या एका फोल्डरात उतरवायची, तिथं प्रोग्रॅमला हवा तेवढा धुडगूस घालू द्यायचा, आणि फाइल बंद झाली की पाकीट करून पाठवायची. ते टेबल म्हणजे कॅश.

हे टेबल किती वापरायचं हे `--vfs-cache-mode` ठरवतो. काहीच सांगितलं नाही तर तो `off` असतो, म्हणजे टेबलच नाही. लिहिलेलं थेट वर जातं, मध्ये नेट तुटलं तर पुन्हा प्रयत्न होत नाही, आणि एकाच वेळी वाचणं-लिहिणं मागणारे प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतात. `minimal` मध्ये फक्त अशा वाचायच्या-लिहायच्या फाइली टेबलावर येतात. रोजच्या वापरात मी तो कधी लावलेला नाही. `writes` मध्ये लिहिलेलं सगळं आधी टेबलावर येतं, वाचायचं ते थेट वरून. `full` मध्ये वाचलेलंही टेबलावर ठेवलं जातं, म्हणजे तीच फाइल पुन्हा उघडली तर पुन्हा उतरवावी लागत नाही. व्हिडिओवाल्याला हा शेवटचाच सोयीचा.

आता त्या रविवारची गोष्ट. लग्न आटोपून भाऊ रात्री घरी आला. कार्डावर पंधरा क्लिप्स होत्या, प्रत्येकी ४ जीबीच्या. सगळ्या निवडल्या, X: वरच्या नव्या फोल्डरात टाकल्या. हिरवी पट्टी झरझर सरकली, बारा मिनिटांत कॉपी संपली. X: उघडून पाहिलं, पंधराच्या पंधरा क्लिप्स, प्रत्येक ४ जीबी, उघडल्यावर चालतही होत्या. सकाळी पाचला दुसऱ्या लग्नाला निघायचं होतं, म्हणून त्यानं रात्रीच कार्ड फॉरमॅट केलं. जेवण करून तासाभरानं लॅपटॉप बंद केला आणि झोपला. सोमवारी दुपारी मुलीच्या वडिलांचा फोन आला. त्यांना फोल्डरची लिंक पाठवली होती, आणि त्यात चारच क्लिप्स होत्या.

त्याचा मला फोन आला तेव्हा पहिलं वाक्य हे नव्हतंच. पहिलं वाक्य होतं, ‘दादा, C: लाल झालाय, जागाच नाही. आत कॅश नावाचं काहीतरी चव्वेचाळीस जीबीच्या आसपास दिसतंय, उडवू का?’

मी जागेवरच ओरडलो. उडवलं असतं तर ते लग्न जगात कुठेच उरलं नसतं.

हिशोब अगदी साधा आहे. त्याच्या घरची लाइन वर चढवताना सेकंदाला ४० मेगाबिट देते, म्हणजे ५ मेगाबाइट. कार्डावरून डिस्कवर मात्र सेकंदाला ९० मेगाबाइटच्या वेगानं उतरत होतं. कॉपीच्या त्या बारा मिनिटांत वर गेलं जास्तीत जास्त साडेतीन जीबी. एका क्लिपचीही भरती नाही. साठच्या साठ जीबी तेव्हा त्याच्या C: वर होते. आरक्लोन मुळात चार फाइली एका वेळी चढवतो, तेवढाच वेग चौघींत वाटला जातो. त्यामुळे सुरुवातीचा बराच वेळ वरती एकही अख्खी क्लिप नसते, मग साधारण तासाभरानं चारही थोड्याथोड्या अंतरानं पोचतात. भावानं लॅपटॉप बंद केला तो नेमका त्यानंतर थोड्या वेळानं. म्हणून चार.

विंडोजची हिरवी पट्टी खोटं बोलत नव्हती. तिला विचारलं होतं ‘X: वर कॉपी कर’, आणि तिच्या दृष्टीनं ते झालं होतं. फाइल बंद झाल्यावर ५ सेकंद थांबून आरक्लोन ती चढवायला घेतो (`--vfs-write-back` ही ती सोय), पण त्याची कुठलीही पट्टी विंडोज दाखवत नाही. X: वर बघूनही कळत नाही, कारण X: आपल्याला वरचं आणि टेबलावरचं असं दोन्ही एकत्र दाखवतो. खरं सांगणारी एकच जागा म्हणजे ती काळी खिडकी, जी भावानं खाली दडवून ठेवली होती. हुकुमाच्या शेवटी `-v` असेल तर तिथं मिनिटामिनिटाला एक ओळ येते. त्या रात्री कॉपी संपली तेव्हा ती साधारण अशी असणार:

```
vfs cache: cleaned: objects 15 (was 15) in use 15, to upload 11, uploading 4, total size 60Gi (was 60Gi)
```

टेबलावर पंधरा फाइली, चार चढताहेत, अकरा रांगेत. `to upload` आणि `uploading` या दोन्हींच्या पुढं शून्य येईपर्यंत कार्डाला हात लावायचा नाही, एवढं ज्याला कळलं त्याला या गोष्टीतलं निम्मं कळलं. ज्याला ही ओळ वाचायचा कंटाळा आहे त्यानं फोनवर ड्राइव्हचं ॲप उघडून बघावं. तिथं दिसतं ते खरोखर वर पोचलेलं असतं. `rclone lsl gdrive:` हा हुकूमही कॅशला वळसा घालून थेट क्लाउडलाच विचारतो.

आता त्या २० जीबीच्या मर्यादेकडे येऊ. टेबल २० जीबीचं सांगितलं होतं, मग त्यावर ६० जीबी मावले कसे? `--vfs-cache-max-size` हा बांध नाही. तो झाडूवाला आहे. आरक्लोन दर मिनिटाला एकदा टेबलाकडे बघतो. सामान ठरल्यापेक्षा जास्त असेल तर सगळ्यात जास्त वेळ कुणी हात न लावलेल्या फाइलींपासून आवरायला सुरुवात करतो. पण दोन प्रकारच्या फाइलींना तो हात लावत नाही: ज्या आत्ता उघड्या आहेत त्या, आणि ज्या अजून वर पोचलेल्या नाहीत त्या. दुसरा नियम नसता तर भावाचं लग्न पहिल्याच फेरीत केराच्या टोपलीत गेलं असतं. त्या रात्री टेबलावरच्या पंधराही फाइली ‘न पोचलेल्या’ होत्या. झाडूवाला दर मिनिटाला येत होता, बघत होता आणि रिकाम्या हातानं परत जात होता.

ठरावीक जागा मोकळी राखायला `--vfs-cache-min-free-space` आहे, आणि तासाभरात न वापरलेलं काढून टाकणारं `--vfs-cache-max-age` आहे, पण न पोचलेल्या फाइलींपुढे तेही थांबतात. म्हणजे वाचलेल्या मालावर मर्यादा घालता येते. लिहिलेल्या मालावर मर्यादा एकच, डिस्कवर खरोखर उरलेली जागा. भावाच्या C: वर ७५ जीबी मोकळे होते म्हणून निभावलं. ८० जीबीचं कार्ड असतं तर कॉपी मध्येच अडली असती, आणि तेव्हाही X: दीड टीबी मोकळं दाखवत राहिला असता. तो आकडा गूगलकडचा. टेबल कुठं आहे याची त्याला गंधवार्ता नाही. टेबल कुठं मांडायचं हे सांगितलं नाही तर विंडोजवर ते C: वरच, वापरकर्त्याच्या `AppData\Local\rclone` मध्ये मांडलं जातं.

सुटका सोपी होती, पण एका अटीवर. आरक्लोन मध्येच बंद पडला तरी न पोचलेल्या फाइली कॅशमध्ये पडून राहतात, आणि पुढच्या वेळी तोच हुकूम दिला की त्या पुन्हा रांगेत लागतात. ‘तोच’ हा शब्द महत्त्वाचा. खात्याचं नाव तेच, माउंट केलेला फोल्डर तोच, कॅशची जागा तीच. कॅशमधल्या फाइली खात्याच्या नावानं आणि फोल्डरच्या वाटेनं लावलेल्या असतात. `gdrive:` ऐवजी `gdrive:Lagna` माउंट केलं तर आरक्लोन फक्त `Lagna` च्या कप्प्यात बघतो, आणि त्याबाहेरचा माल तसाच पडून राहतो. भावाला सांगितलं: काही उडवू नकोस, फोल्डरांची नावं बदलू नकोस, लॅपटॉप चार्जिंगला लाव, झोप बंद कर आणि परवाचाच हुकूम चालव. अर्धवट चढलेल्या चार क्लिप्स पहिल्यापासून चढू लागल्या, कारण अर्ध्यावरून पुढं जाणं बंद पडल्यानंतर त्याला जमत नाही. अकरा क्लिप्सना अडीच तासांहून थोडं जास्त लागलं. काळ्या खिडकीत शून्य-शून्य आलं तेव्हा त्यानं मला फोटो पाठवला. मुलीच्या वडिलांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

त्यानंतर मी त्याचा हुकूम बदलला. आधी कॅश C: वरून काढून दुसऱ्या डिस्कवर नेली. त्याच्याकडे ५०० जीबीची बाहेरची एसएसडी होती, पण ती एक्सफॅट होती. तिथं एक खाच आहे. `full` मध्ये आरक्लोन अख्खी फाइल उतरवत नाही. ४ जीबीच्या क्लिपची पहिली दोन मिनिटं पाहिली आणि मग शेवटाकडे उडी मारली, तर तेवढेच दोन तुकडे उतरतात. मधली जागा पोकळ राहते. कॅशमधल्या त्या फाइलीचे गुणधर्म उघडले की साइज ४ जीबी दिसते, पण ‘डिस्कवरची साइज’ तीनेकशे एमबीच. अशा पोकळ फाइली विंडोजच्या एनटीएफएसला येतात, एक्सफॅटला येत नाहीत. तिथं पोकळ जागाही खरी जागा म्हणून भरली जाते, आणि नुसत्या उड्या मारण्यात डिस्क भरते. म्हणून आधी ती एसएसडी एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केली. मग:

```
rclone mount gdrive: X: --vfs-cache-mode full --cache-dir D:\rclone-cache --vfs-cache-max-size 150G --vfs-cache-max-age 72h -v
```

७२ तासांचं कारण जेवणात आहे. मुळातली मुदत एक तासाची, आणि ती शेवटचा हात लागल्यापासून मोजतात. भाऊ सकाळी संपादनाला बसतो, बाराला जेवायला जातो, जरा आडवा होतो, दोनला परत येतो. तोवर सकाळी उतरवलेल्या सगळ्या क्लिप्स झाडूवाल्यानं नेलेल्या असत, आणि सगळं पुन्हा उतरू लागे. ‘दुपारी नेट स्लो असतं’ अशी त्याची तक्रार होती. नेट तेच होतं. तीन दिवसांची मुदत दिल्यावर एका लग्नाचं काम संपेपर्यंत माल टेबलावर राहतो, आणि जुनं काढण्याचं काम १५० जीबीची मर्यादा करते. वाचलेल्या मालावर ती खरोखरच चालते, एखाद्या मिनिटाच्या मागेपुढे.

एक्स्प्लोररमध्ये मोठी चित्रं दाखवायची सवय मात्र मोडावी लागली. चारशे क्लिप्सचा फोल्डर त्या रूपात उघडला की विंडोज प्रत्येक क्लिपचं छोटं चित्र करायला ती उघडून थोडी वाचतो. आपल्या डिस्कवर ते कळतही नाही. इथं मात्र त्या चारशे फेऱ्या सातारा सोडून गूगलपर्यंत होतात, आणि फोल्डर गोठल्यासारखा वाटतो. नुसती यादी दाखवायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

फाइलींइतकीच फोल्डरची यादीही कॅशमध्ये ठेवली जाते, मुळात ५ मिनिटं. गूगल ड्राइव्ह मिनिटाभरानं ‘काही बदललं का’ याचं उत्तर देतो, त्यामुळे त्याच्या असिस्टंटनं फोनवरून टाकलेली फाइल X: वर साधारण मिनिटभरात दिसते. सगळ्याच साठवणी असं उत्तर देत नाहीत. एसएफटीपीवरचा सर्व्हर देत नाही, तिथं पाच मिनिटं वाट पाहावी लागते. नेटवर कुणीतरी दिलेला हुकूम जसाच्या तसा उतरवताना `--dir-cache-time 1000h` असं दिसलं तर जरा थांबावं. उत्तर देणाऱ्या साठवणीवर ते ठीक आहे; न देणाऱ्यावर दुसऱ्यानं टाकलेली फाइल आपल्याला महिनाभर दिसणार नाही.

आणि दोन खिडक्या उघडून एकाच खात्याला X: आणि Y: अशी दोन अक्षरं द्यायचा मोह टाळावा. एकाच कॅशवर दोन आरक्लोन बसले की एकानं अर्धवट ठेवलेल्या फाइलीवर दुसरा लिहितो, आणि फाइली बिघडू शकतात. आरक्लोनच्या माहितीपत्रकातच याची स्पष्ट ताकीद आहे.

एवढं सगळं केलं तरी माझं मत असं की कार्ड रिकामं करायला माउंट वापरूच नये. माउंट हा वाचायला, शोधायला, एखादी फाइल उघडून बघायला उत्तम. साठ जीबी ढकलायला त्याच आरक्लोनचा `copy` आहे. तो टेबल मांडतच नाही. कार्डावरून वाचतो आणि सरळ वर चढवतो, पट्टीही खऱ्या वेगाची दाखवतो. मध्ये नेट गेलं तर तोच हुकूम पुन्हा द्यायचा, पोचलेल्या फाइली तो वगळतो. मग `check` कार्डावरच्या प्रत्येक फाइलीचा ठसा वरच्या ठशाशी ताडून बघतो:

```
rclone copy E:\DCIM gdrive:Lagna/0212 -P
rclone check E:\DCIM gdrive:Lagna/0212 --one-way
```

शेवटी `0 differences found` आलं पाहिजे. साडेतीन तास लागायचे ते लागतातच. लाइन ५ मेगाबाइटची आहे, त्याला आरक्लोन काय करणार. भावानं आता दोन जादा कार्डं घेतली आहेत. रात्री `copy` लावून झोपतो, सकाळी निघताना दुसरं कार्ड कॅमेऱ्यात घालतो, आणि संध्याकाळी परत आल्यावर `check` ची ओळ बघूनच पहिलं फॉरमॅट करतो.